‘आपुलकीचा, पण सलगीचा नाही’ हे प्रॉम्प्टमध्ये कसं सांगायचं?

*ताई, सोलापुरात माझं कंटेंट लिहून देण्याचं छोटं काम आहे. माझ्यासोबत पाच फ्रीलान्सर आहेत, काही इथलेच, काही पुण्याहून काम करतात. चादरी-टॉवेलच्या एका कारखानदारांनी आम्हाला २२ पानांचं ब्रँड स्टाइल गाइड दिलं आहे. कोणी चॅटजीपीटी वापरतं, कोणी जेमिनी, आणि प्रॉम्प्ट प्रत्येकाचा वेगळा. सगळ्यांनी पीडीएफ अपलोड केली तरी मजकूर पाच तऱ्हांचा येतो. मालक म्हणतात, “छान आहे, पण हे आम्ही बोलतोय असं वाटत नाही.” या गाइडमधून सगळ्यांनी वापरायची तयार वाक्यं कशी काढू? — एक वाचक, होटगी रोड, सोलापूर*

आधी प्रत्येकानं आपापल्या खात्यात पीडीएफ चढवणं थांबवा. अशा गाइडमध्ये लोगोभोवती किती जागा सोडायची, लाल रंग नेमका कोणता, व्हिजिटिंग कार्ड कसं असावं, कारखाना कसा उभा राहिला, असं सगळं असतं. लिहिण्याबद्दलची पानं त्यात मोजकीच. शिवाय मोठी फाइल दिली की बरीच साधनं ती दर वेळी पहिल्या पानापासून वाचत नाहीत. तुमच्या प्रश्नाशी जुळतील तेवढे तुकडे उचलतात. एकाच्या प्रश्नाला सहावं पान हाती लागतं, दुसरीच्या प्रश्नाला चौदावं. मग मजकूर एकसारखा येणार कसा?

आता गाइडची प्रिंट काढा आणि पेन्सिल घेऊन बसा. लिहिण्याबद्दलच्या प्रत्येक वाक्यापुढे एकच प्रश्न विचारा: तयार मजकूर समोर ठेवला, तर हे वाक्य पाळलंय की नाही हे तिऱ्हाईत माणूस हो-नाहीमध्ये सांगू शकेल का? ‘ग्राहकाला तुम्ही म्हणा’ याचं उत्तर देता येतं. ‘आमचा आवाज आपुलकीचा आहे, पण सलगीचा नाही’ याचं देता येत नाही. पहिल्या जातीची वाक्यं जवळजवळ जशीच्या तशी चालतात. तुमचं खरं काम दुसऱ्या जातीच्या वाक्यांवर आहे, आणि मालकांची तक्रारही तिथूनच येते आहे.

प्रॉम्प्टमध्ये जाऊच नयेत अशीही काही वाक्यं सापडतील, ती बाजूला काढा. ब्रँडच्या नावात जोडाक्षर कसं लिहायचं, दोन शब्दांत जागा सोडायची की नाही, हे काम वर्डमधलं ‘शोधा’ हे बटण जास्त खात्रीनं करतं. आणि जिथं कायद्याचा संबंध येतो ती वाक्यं माणसाच्याच डोळ्याखालून गेली पाहिजेत. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे. ते नाव मालावर वापरण्याचा हक्क नोंदणी झालेल्या वापरकर्त्यांचा असतो. तुमच्या मालकांची नोंदणी आहे का आणि कोणत्या मालासाठी आहे, हे त्यांच्याकडून लेखी घ्या. साधन मात्र ‘सोलापूर’ हा शब्द दिसला की बिनदिक्कत ‘अस्सल सोलापुरी’ लिहून मोकळं होतं, मग तो माल चादर असो की पायपुसणं.

तर, ‘आपुलकीचा, पण सलगीचा नाही’. हे वाक्य जसंच्या तसं देऊन टॉवेलची माहिती मागितली तर साधारण असं काहीतरी येतं: “द्या तुमच्या लाडक्या कुटुंबाला मायेचा मऊ स्पर्श! प्रेमाने विणलेला हा टॉवेल म्हणजे केवळ टॉवेल नाही, तर आपुलकीची भेट.” साधनानं तुमचं ऐकलं नाही असं नाही. आपुलकी म्हटल्यावर हजारो जाहिरातींमध्ये जे सापडतं त्याची सरासरी त्यानं काढून दिली. मालकांच्या डोक्यातली आपुलकी निराळी आहे, आणि ती गाइडमध्ये कुठंच लिहिलेली नाही. ज्यानं गाइड लिहिलं त्याला ती माहीत होती, म्हणून विशेषणावर भागलं.

ती शोधायला मालकांना ‘आपुलकी म्हणजे काय’ असं विचारू नका, दुसरं विशेषण मिळेल. त्यांना म्हणा, आजवरच्या कोणत्या दोन-चार ओळी तुम्हाला आपल्या वाटल्या त्या दाखवा. प्रदर्शनात वाटलेलं कार्ड असेल, व्यापाऱ्याला पाठवलेला मेसेज असेल. काहीच नसेल तर दुकानात तासभर थांबा आणि काउंटरवरचा माणूस गिऱ्हाइकाला काय सांगतो ते उतरवून घ्या. समजा तो म्हणतो: “हा घ्या, अंग पुसून झालं तरी एक टोक कोरडं राहतं. पहिल्या दोन-तीन धुण्यांत थोडे तंतू सुटतील, मग थांबतंय बघा. रंगीत आहे, पहिल्यांदा वेगळा धुवा.” आता या बोलण्यात काय घडतंय ते पाहा. वस्तू वापरताना काय होतं ते तो सांगतो. ‘मऊ’, ‘दर्जेदार’ असं एकही विशेषण मालाला लावत नाही. उणीव स्वतःहून सांगतो आणि काय करायचं तेही सांगतो. ‘तुम्ही’ धरून बोलतो. कुटुंब, माया, प्रेम यांच्या वाटेला जात नाही. आपुलकी आहे ती त्या तंतूंच्या वाक्यात, आणि सलगी टळली आहे ती लाडक्या कुटुंबाचं नाव न काढल्यामुळे. हे सगळं हो-नाहीमध्ये तपासता येतं, म्हणून प्रॉम्प्टमध्ये उतरवता येतं:

```
[आवाज]
वाचकाला "तुम्ही" धरून लिही; "तू" आणि "आपण" नको.
पहिल्या वाक्यात ही वस्तू कधी आणि कशी वापरतात ते सांग.
गुण सांगायला विशेषण वापरू नको; वापरताना काय होतं ते लिही.
वस्तूची एक मर्यादा सांग आणि तिच्यावर काय करायचं तेही सांग.
क्रियापद वाक्याच्या शेवटी ठेव. उद्गारचिन्ह नको.
```

क्रियापदाची ओळ गाइडमध्ये नसेल, ती माझी भर आहे. ‘द्या तुमच्या घराला’, ‘अनुभवा नवी ताजगी’ अशी उलटी रचना मराठी जाहिरातींत इतकी बोकाळली आहे की साधनं न मागता तीच देतात. ‘जाहिरातबाज लिहू नको’ म्हटल्यानं ती जात नाही. क्रियापद कुठं ठेवायचं हे सांगितलं की बहुतेक वेळा जाते.

बंदी घातलेल्या शब्दांची यादी करायचा मोह आवरा. ‘माया’ बंद केली की ‘वात्सल्य’ येतं, ते बंद केलं की ‘जिव्हाळा’. यादी दर आठवड्याला वाढते आणि मजकूर तिथंच राहतो. वरच्या ओळींमध्ये जिथं ‘नको’ आहे तिथं शक्यतो त्याजागी काय हवं तेही आहे, हे ध्यानात घ्या. ‘विशेषण नको’ एवढंच लिहिलं तर साधन विशेषणाचं नाम करून देतं, ‘मऊपणाचा अनुभव’ वगैरे. मात्र व्यापारातले शब्द नक्की लिहून द्या. टॉवेल, नॅपकिन आणि पंचा या तुमच्या बाजारात तीन वेगळ्या वस्तू आहेत, आणि ‘शुद्ध मराठीत लिही’ असं कोणी टाकलं तर टॉवेलचा पंचा व्हायला वेळ लागत नाही.

आता एक धोका. ‘वस्तूची एक मर्यादा सांग’ ही ओळ दिली आणि मर्यादा कोणती हे सांगितलंच नाही, तर साधन ती स्वतः बनवतं. तुमच्या टॉवेलचा रंग पक्का असेल आणि मजकुरात ‘सुरुवातीला रंग जातो’ असं छापून येईल. म्हणून [आवाज] हा तुकडा कधीही एकटा वापरायचा नाही. त्याच्या जोडीला हा हवाच:

```
[माहिती]
फक्त खाली दिलेली माहिती वापर.
तिथे नसलेली गोष्ट आवश्यक वाटली तर
ती लिहू नको, त्या जागी [विचारा: ...] असं लिही.
वस्तू: मोठा टॉवेल, कॉटन, ७५ × १५० सेंमी, ४५० जीएसएम
मर्यादा: पहिल्या २-३ धुण्यांत तंतू सुटतात
```

यातल्या वरच्या तीन ओळी कायमच्या, खालच्या दोन दर कामाला बदलायच्या. माहिती कारखान्याकडून घ्यायची, जुन्या वेबसाइटवरून नाही. आणि आकडे नुसते चिकटवू नका, त्यांचा अर्थ लिहिणाऱ्याला कळला पाहिजे. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. ७५ बाय १५० सेंटिमीटर म्हणजे १.१२५ चौरस मीटर. त्याला ४५०नं गुणलं की साधारण ५०६ ग्रॅम होतात. हा अर्धा किलोचा टॉवेल आहे. मजकुरात ‘वजनाला हलका’ आलं तर ते खोटं आहे हे तुमच्या फ्रीलान्सरला तिथल्या तिथं समजायला हवं, कारण साधनाला टॉवेल म्हटलं की ‘हलका’ सुचतोच.

हे दोन तुकडे जोडून मागितलेला मजकूर असा यायला हवा: “आंघोळीनंतर अंग पुसायला आणि ओले केस गुंडाळायला हा मोठा टॉवेल आहे. ७५ बाय १५० सेंटिमीटरचा असल्यामुळे कमरेला गुंडाळून वर खोचता येतो. पहिल्या दोन-तीन धुण्यांत त्याचे थोडे तंतू सुटतात, म्हणून तेव्हा तो बाकीच्या कपड्यांपासून वेगळा धुवा. पावसाळ्यात तो [विचारा: वाळायला किती वेळ लागतो?]” शेवटचा कंस पाहून फ्रीलान्सर वैतागतील आणि खोडून टाकतील. खोडू देऊ नका. तो प्रश्न कारखान्याला पाठवायचा आहे, आणि उत्तर आलं की माहितीत एक पक्की ओळ वाढते.

तिसरा तुकडा नमुन्याचा. सूचनांपेक्षा नमुना जास्त बोलतो, आणि म्हणूनच तो जपून द्यावा लागतो. नमुन्यात मोराची नक्षी असलेली चादर असेल, तर टॉवेलच्या मजकुरातही मोर नाचायला येतो. यावर उपाय म्हणजे दोन वेगळ्या वस्तूंचे छोटे नमुने द्यायचे, एक चादरीचा आणि एक नॅपकिनचा, आणि वर लिहायचं: ‘नमुने फक्त लिहिण्याच्या पद्धतीसाठी, यातली माहिती वापरू नको.’ दुसरं, नमुना तुमच्याच सूचना पाळणारा असावा. वर ‘उद्गारचिन्ह नको’ आणि खाली नमुन्यात दोन उद्गारचिन्हं, अशा भांडणात बहुधा नमुना जिंकतो. मालकांना आवडलेली जुनी ओळ सूचनांशी जुळत नसेल, तर सूचना चुकली का ओळ, हे आधी ठरवा. मी बहुतेक वेळा ओळीच्या बाजूनं असते.

सगळ्यांना वाटण्याआधी तपासणी करा, आणि ती एकाच कामावर नको. तीन वेगळी कामं घ्या: टॉवेलची माहिती, जानेवारीतल्या गड्डा यात्रेच्या दिवसांत गिऱ्हाइकांना पाठवायचा व्हॉट्सॲप मेसेज, आणि रंग गेला म्हणून चिडलेल्या गिऱ्हाइकाला उत्तर. प्रत्येक काम नव्या चॅटमध्ये तीनदा करून पाहा, कारण तोच प्रॉम्प्ट दिला तरी उत्तर दर वेळी थोडं वेगळं येतं. एकदा जमलं याचा अर्थ जमलं असा होत नाही. मग एकेक ओळ काढून पुन्हा मागा. ओळ काढल्यावर मजकुरात काहीच फरक पडला नाही, तर ती ओळ फाइलमध्ये ठेवू नका, मग ती गाइडमध्ये कितीही ठळक छापलेली असो.

तिसऱ्या कामावर तुमचा [आवाज] तोंडावर आपटेल, आणि ते बरंच आहे. गिऱ्हाईक रंग गेला म्हणून तक्रार करतंय आणि उत्तरात साधन प्रामाणिकपणे ‘शिवाय तंतूही सुटतात’ असं सांगतंय, कारण तुम्हीच मर्यादा सांगायला लावली आहे. यावरून कळतं की त्या पाच ओळी एका जातीच्या नाहीत. ‘तुम्ही’, क्रियापद आणि उद्गारचिन्ह यांच्या ओळी सगळीकडे लागू. पहिल्या वाक्यात वापर, विशेषणाऐवजी अनुभव आणि मर्यादा या ओळी फक्त वस्तूच्या माहितीला लागू. तेव्हा [आवाज] आणि [वस्तू-वर्णन] असे दोन तुकडे करा, आणि तक्रारीच्या उत्तरासाठी तिसरा वेगळा लिहा: आधी काय बिघडलं ते गिऱ्हाइकाच्याच शब्दांत मान्य कर, मग पुढची एकच कृती सांग, दुसऱ्या कोणत्याही वस्तूचा उल्लेख करू नको. सणाच्या मेसेजला तर तीन वाक्यांची अट पुरते. इथं शब्दांची संख्या देऊ नका. ‘४० शब्दांत’ म्हटलं तर ३० येतील किंवा ५५. ही साधनं शब्द मोजण्यात कच्ची आहेत. ‘तीन वाक्यांत’ हे ती बरंच नीट पाळतात, आणि तुम्हालाही नजरेनं मोजता येतं.

पुण्यातल्या मुलीला येतं ते सोलापुरातल्या मुलाला येत नाही, असं झालं तर प्रॉम्प्टवर संशय घेण्याआधी दोघांची खाती पाहा. चॅटजीपीटीमध्ये मेमरी असते, कायमच्या सूचना भरायची सोय असते. एकीनं कधीतरी ‘मला थोडक्यात आणि गमतीशीर उत्तरं दे’ असं भरून ठेवलं असेल, तर तुमच्या तुकड्यांवर तो रंग चढतोच. कामाच्या वेळी मेमरी आणि कायमच्या सूचना दोन्ही बंद ठेवायच्या, एवढा नियम सगळ्यांना घाला. आणि लांबलेल्या चॅटमध्ये काम करू देऊ नका. वीस टॉवेलांची माहिती एकाच चॅटमध्ये लिहायला घेतली की शेवटच्या काहींमध्ये ‘मायेचा स्पर्श’ दबक्या पावलांनी परत येतो. तीन-चार वस्तूंनंतर नवी चॅट, तुकडे पुन्हा वरून. फुकटचं आणि पैशाचं अशी दोन्ही व्हर्जनं टीममध्ये असतील तर तपासणी फुकटच्यावर करा. तिथं जे टिकतं ते दुसरीकडे सहसा टिकतं.

हे सगळं व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. तिथं तीन आवृत्त्या फिरतात आणि प्रत्येक जण स्टार केलेली जुनीच उचलतो. एक गूगल डॉक करा. लिहिण्याचा हक्क फक्त तुमच्याकडे, बाकीच्यांना वाचण्याचा आणि कॉमेंट करण्याचा. प्रत्येक तुकड्याच्या डोक्यावर नाव आणि बदलल्याची तारीख, आणि शेजारी तो गाइडच्या कोणत्या पानावरून आला तो आकडा. उद्या मालकांनी गाइडचं नववं पान बदललं, तर कोणता तुकडा हलवायचा ते चटकन सापडतं. फ्रीलान्सरनं काम देताना वर एक ओळ लिहावी: ‘आवाज १२ जून, वस्तू-वर्णन ३ जुलै, दुसरं वाक्य हातानं बदललं.’ हातानं काय बदललं ही नोंद फार उपयोगी आहे. तिघं जण तेच वाक्य बदलत असतील तर दोष तुकड्यात आहे. एकटीच बदलत असेल, तर आधी तिला फोन करा; मालकांनी एकदा नापसंती दाखवली म्हणून लगेच नवी ओळ घालत बसलात तर महिन्याभरात तुमच्याकडे दुसरं २२ पानी गाइड तयार होईल.

एक गोष्ट मालकांशी आजच बोलून घ्या. त्या पीडीएफमध्ये व्यापाऱ्यांचे दर, अजून बाजारात न आलेल्या डिझाइनची नावं असं काही असेल, तर ती पाच जणांच्या खासगी खात्यांत आधीच गेलेली आहे. कोणत्या खात्यांमधून ती काढून टाकायची, आणि इथून पुढे कारखान्याची कोणती माहिती साधनात टाकलेली चालेल, हे त्यांच्याकडून ईमेलवर घ्या. तुकड्यांना पीडीएफची गरज नाही, त्यामुळे फ्रीलान्सरांकडे ती फाइल यापुढे नसली तरी काम अडणार नाही. हे त्यांना सांगितलंत तर परवानगीचं बोलणं सोपं जाईल.